अक्षरं नाही, टाळ्या मोजा : साक्षरता वर्गासाठी हादग्याचं गाणं बांधताना

गौरी-गणपती उरकले आणि 18 सप्टेंबर 2024 ला शाळेत बैठक झाली. उल्लास, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमात मी आमच्या शाळेकडून स्वयंसेवक आहे. पंधरा वर्षांवरच्या ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला शिकवायचं, असं ते काम. मानधन नसतं. माझ्या नावावर अॅपमध्ये नऊ बायका नोंदवलेल्या होत्या, पण रात्रीच्या वर्गाला चौघी-पाचजणीच यायच्या. बाकीच्या लाजायच्या, नाहीतर घरचं आवरायचं नाही.

बैठकीत मुख्याध्यापकांनी सुचवलं की नवरात्रात हादगा आहे, सगळ्या बायका एका अंगणात येतात, तिथं एखादं साक्षरतेचं गाणं म्हणा. "तुम्ही माहेरी हादगा खेळलेल्या, तुम्हीच लिहा." घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती. हातात पंधरा दिवस. मी जन्मात कविता केली नव्हती. घरी येताना पोटात गोळा आला होता, पण बैठकीत हो म्हणून बसले होते.

चाल ठरवायला वेळ लागला नाही. आमच्या सातारा भागात हादग्याचा फेर धरला की पहिलं गाणं एकच असतं. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि 'ऐलमा पैलमा गणेश देवा, माझा खेळ मांडू दे करीन तुझी सेवा'. तीन वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना येतं. पुण्याकडं भोंडला म्हणतात त्यातही हेच गाणं. चाल शिकवावी लागणार नाही, नुसते शब्द घालायचे, असा माझा हिशेब होता.

पहिले तीन दिवस मी अक्षरं मोजण्यात घालवले. शाळेत ओवी-अभंग शिकताना अक्षरं मोजलेली आठवत होती. 'ऐलमा पैलमा गणेश देवा' यात अकरा अक्षरं भरली. मग अकरा अक्षरांची ओळ जुळवली:

शिकूया लिहूया सारे मिळून

वहीवर छान दिसत होती. व्याकरणाच्या पुस्तकात बघून मात्राही मोजल्या. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. मूळ ओळीच्या अठरा, माझ्याही अठरा. इतकं तंतोतंत जुळल्यावर मला वाटलं, झालं काम.

21 तारखेला रात्रीच्या वर्गात म्हणून बघितली. पाचजणींनी एकदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हटली आणि तिसऱ्यांदा आवाज बसत गेले. कोणी 'शीकूया' म्हणत होतं, कोणी 'मीळूऽन' म्हणून शेवटी तोंड मिटून थांबत होतं. वर्गातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "आगं पोरी, चाल तीच हाय पर तोंड अडतंया. टाळी वाजती तिथं शबूदच न्हाई." मी घरी जाऊन ते शेवटचं वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. पुढचं सगळं काम त्या वाक्यावर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी शब्द बाजूला ठेवले आणि नुसती मूळ गाण्याची टाळी वाजवत बसले. जिथं टाळी पडते तिथं उभी रेघ मारली:

ऐलमा | पैलमा | गणेश | देवा
माझा खेळ | मांडू दे | करीन तुझी | सेवा

वरच्या ओळीत अकरा अक्षरं आहेत आणि खालच्या ओळीत चौदा. मात्रा वर अठरा, खाली चोवीस. तरी दोन्ही ओळींना वेळ सारखाच लागतो, कारण दोन्हीत टाळ्या चारच आहेत. प्रत्येक टाळीच्या पोटात साधारण सहा मात्रांची जागा आहे. 'ऐलमा'च्या पाच मात्रा होतात, म्हणून शेवटचा 'मा' जरा लांबतो. 'करीन तुझी'च्या सात होतात, म्हणून ते दाबून म्हणतात. एखादी मात्रा कमी-जास्त झालेली चाल सांभाळून घेते. म्हणजे मोजायच्या होत्या टाळ्या, आणि मी मोजत होते अक्षरं.

पण मग माझी ओळही चार टाळ्यांत बसत होतीच की. शिकूया, लिहूया, सारे, मिळून. अडत होतं कुठं? हे कळायला आणखी एक संध्याकाळ गेली. टाळी नेमकी ज्या अक्षरावर पडते, फक्त तेवढी अक्षरं वेगळी लिहिली तेव्हा दिसलं. मूळ गाण्यात ऐ, पै, ग, दे. दुसऱ्या ओळीत मा, मां, क, से. म्हणजे पहिली, दुसरी आणि चौथी टाळी जड, दीर्घ अक्षरावर पडते आणि तिसरी हलक्या अक्षरावर. तिथं गाणं किंचित उचललं जातं, फेरातलं पाऊलही तिथंच हलकं पडतं. माझ्या ओळीत होतं शि, लि, सा, मि. जड हवं तिथं हलकं आणि हलकं हवं तिथं जड, बरोबर उलटं. म्हणून बायका 'शि'चा 'शी' करत होत्या. त्या चुकत नव्हत्या, चालीला जे हवं ते त्यांचं तोंड आपोआप देत होतं.

दुसरी अडचण शेवटी होती. देवा, सेवा. दोन्हीकडं शेवटी 'आ' आहे, तो लांबवता येतो आणि पुढची ओळ येईपर्यंत गळा मोकळा राहतो. 'मिळून'चा शेवट 'न'वर होतो, आणि 'न' लांबवता येत नाही. लिहिताना आपण 'न' पूर्ण लिहितो, बोलताना तो अर्धाच उरतो. कागदावरच्या मोजणीत ही गोष्ट दिसत नाही.

मग वहीच्या पानावर चार रकाने पाडले. वर जड, जड, हलकं, जड असं लिहिलं, आणि चौथ्या रकान्याखाली 'शेवट मोकळा'. आता वाक्यं जुळवायच्या आधी शब्द गोळा करायचे ठरवलं, वर्गातल्या बायका खरोखर वापरतात असे. 'साक्षरता', 'प्रगती', 'अज्ञानाचा अंधार' असले बैठकीतले शब्द त्यांच्या तोंडात नसतात. पाटी, सही, अंगठा, एसटीचा बोर्ड, रेशनचा आकडा, बँकेची पावती असे शब्द असतात. पुढ्यात 'अंगठा' आला तेव्हा मी मोठ्यानं टाळी वाजवली. अं-ग-ठा. ऐ-ल-मा. जड, हलकं, जड. जसाच्या तसा बसत होता. त्याच मापाचा 'सोडला' सापडला, 'पैलमा'च्या जागी. अर्धी ओळ तयार झाली: अंगठा सोडला.

पुढं मी लिहिलं होतं 'घेतली पाटी', आणि दुसरी ओळ 'माझं नाव लिहू दे, सुटू दे गाठी'. 24 तारखेला वर्गात नेली. या वेळी माझ्या वहीतलं मी काही सांगितलं नाही, नुसती चाल धरली आणि कोण कुठं अडतंय ते ऐकत बसले. तीन जागी दुरुस्ती झाली आणि तिन्ही दुरुस्त्या बायकांनीच केल्या.

'घेतली'वर तिसरी टाळी जड पडत होती. एक वहिनी न विचारताच 'धरीन पाटी' म्हणायला लागल्या. ध-री-न, ग-णे-श. 'लिहू दे'वर दुसरी टाळी हलकी पडत होती, ते मला कळलं होतं पण शब्द सुचत नव्हता. आजी म्हणाल्या, "अक्षार लिवत न्हाईत, काढत्यात. नाव काढू दे म्हण." काढू दे, मांडू दे, मात्रेला मात्रा सारखी. शिवाय आपल्याकडं नाव काढणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यावर सगळ्या हसल्या आणि लेकी-सुनांची नावं घेऊन दोनदा म्हणून बघितलं. आणि 'सुटू दे गाठी'त तिसरी टाळी रिकामी वाटत होती, तिथं कोणीतरी 'गं' घातला. ही 'गं', 'बाई', 'की' अशी अक्षरं आपल्या बायकांच्या गाण्यांत पदोपदी येतात. ती नुसती लाडाची नसतात, टाळीच्या पोटातली जागा भरतात. मापात एक-दोन मात्रा कमी पडल्या तर अर्थाचा शब्द ताणण्यापेक्षा 'गं' घालावा, हे तेव्हापासून मी पाळते. शेवटी ठरलं:

अंगठा सोडला, धरीन पाटी
माझं नाव काढू दे, सुटू दे गं गाठी

टी आणि ठी तंतोतंत जुळत नाहीत. मी ते बदलायला बघत होते, पण फेरात कोणाला खटकलं नाही, म्हणून तसंच ठेवलं. यमकापेक्षा टाळी आधी, असं मी तिथं ठरवलं.

दुसरं कडवं एका वर्गात एका बैठकीत झालं, कारण आता चौकट हातात होती. आमच्यातल्या एकजणीला एसटीत चढताना दर वेळी कोणाला तरी विचारावं लागायचं, आणि एकदा कोणीतरी मुद्दाम चुकीची गाडी सांगितली होती. तिनं हे सांगितलं आणि तिथंच ओळी आल्या:

एसटीचा बोर्ड गं कळेल बाई
गाडी कुठं चालली, विचारणं नाही

'सही' मात्र छळत राहिली. ज्या शब्दासाठी सगळा खटाटोप, तोच शेवटच्या टाळीवर बसेना, कारण 'स' हलका. 'करीन सही' म्हटलं की ओळ तोल गेल्यासारखी संपायची. दोन दिवसांनी लक्षात आलं की हलक्याची जागा तिसरी आहे. तिला तिथं नेलं: 'बँकेत जाऊन सही ही माझी'. शब्द बसत नसेल तर टाकून देण्याआधी त्याची जागा बदलून बघावी.

27 तारखेला कार्यक्रमाचं पत्र घेऊन तालुक्याला गेले. गावात ध्वनिक्षेपक लावायचा तर परवानगी लागते, आणि शाळेच्या नावानं कार्यक्रम असला की गाण्याचा मसुदा जोडावा लागतो, असं मला तिथं सांगितलं. (जाताना ग्रामपंचायतीचं पत्र, शाळेचं पत्र आणि दोन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. माझ्याकडं एकच प्रत होती, त्यात एक फेरी वाया गेली. एका फेरीला जाऊन-येऊन दीड तास आणि आख्खी दुपार.) दुसऱ्या फेरीला कागद बघणाऱ्यांनी सांगितलं की गाण्यात योजनेचं नाव आलंच पाहिजे, पूर्ण.

घरी येऊन मी 'नव भारत साक्षरता कार्यक्रम' मोजलं. नव भारत सहा मात्रा, साक्षरता सहा, कार्यक्रम सहा. एकेका टाळीचं नेमकं माप! चौथ्या टाळीला 'आला' घातला की ओळ पुरी. कागदावर मी बांधलेल्या कुठल्याही ओळीपेक्षा ती नीट बसत होती. वर्गात म्हटली आणि तिसऱ्या टाळीला सगळ्यांची जीभ अडकली. 'र्य' आणि 'क्र' पाठोपाठ आले की चालत्या फेरात ते उच्चारायला वेळच मिळत नाही, आणि जिथं गाणं हलकं व्हायला हवं तिथं दगड ठेवल्यासारखं होतं. शिवाय 'नव'चा 'न' हलका, तो पहिल्या टाळीवर. मात्रा मोजताना जोडाक्षरामुळं फक्त आधीचं अक्षर दीर्घ धरतात, म्हणून 'र्य'च्या दोन झाल्या. जोडाक्षर उच्चारायचे कष्ट त्यात धरत नाहीत, तोंडाला मात्र ते पडतात.

सुटका योजनेच्या दुसऱ्या नावानं केली. उल्लास. उल्-ला-स, पहिलंच अक्षर जड, आणि शब्द सगळ्यांच्या ओळखीचा:

उल्लास आला गं घरात बाई
चूल विझली, वर्गाला निघायची घाई

ही ओळ मान्य झाली. परवानगीचा कागद 1 ऑक्टोबरला मिळाला.

आणखी एक गोष्ट आजींनी अडवली, आणि ती त्यांनी अडवली हे फार बरं झालं. मी मूळ गाण्याच्या जागी नवं म्हणणार होते. त्या म्हणाल्या, पहिलं गाणं गणपतीचं, त्याचे शब्द काढायचे नाहीत. ते खरं होतं. लोकांची चाल घ्यायची तर त्या चालीत त्यांचं काय आहे ते आधी विचारायला हवं होतं. मग ठरलं की आधी देवाचं पूर्ण म्हणायचं आणि न थांबता त्याच फेरात आपली कडवी जोडायची.

याचा एक फायदा पुढं कळला. 3 ऑक्टोबरला पहिल्या माळेला अंगणात चाळीसेक बायका-मुली होत्या. मी चुकून उत्साहात एकदम नव्या कडव्यानं सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला अर्ध्या बायका 'माझा खेळ मांडू दे' म्हणत होत्या. चाल इतकी जुनी की ती आपले शब्द बरोबर घेऊनच येते, आणि माझी 'माझं नाव काढू दे' ही ओळ तर मुळासारखीच सुरू होते. गोंधळ झाला, मी थांबले, चेहरा गरम झाला. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे केलं. आधी देवाचं, ते म्हणून झालं की जुने शब्द निवतात. मग एकीनं नवी ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तीच परत म्हणायची. ओळ परत म्हणण्यात ती पाठ होते. पाचव्या माळेपर्यंत आमच्या मदतीशिवाय पोरी म्हणत होत्या.

खर्चाचं लिहून ठेवते, कारण मला आधी कोणी सांगितला नव्हता. गाण्याच्या झेरॉक्स साठ, प्रत्येकी दोन रुपये, 120. खिरापतीला हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं मिळून 410. तालुक्याच्या फेऱ्या 180. हलगीवाल्यांना एका दिवसाचे 500. हलगीचा पैसा मी पुन्हा घालणार नाही. त्यांचा हात चांगला होता, पण हलगी वाजली की लय चढते, आणि चढत्या लयीत 'विचारणं नाही' नुसतं 'चारनाही' ऐकू यायला लागलं. शब्द कळावेत म्हणून गाणं केलं होतं. फेराच्या पावलाची लय आणि हातांची टाळी एवढं पुरतं.

आम्ही गावभर मोठी फेरी कोजागिरीला, 16 ऑक्टोबरला ठेवली होती. 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवानगी नव्यानं घ्या असा निरोप आला. एका दिवसात ते होणार नव्हतं. ध्वनिक्षेपक रद्द केला, आणि दूध आटवायला बायका जिथं जिथं जमल्या होत्या त्या चार अंगणांत जाऊन नुसत्या टाळीवर गाणं म्हटलं. त्या रात्री तीन नव्या बायकांनी वर्गाला येते म्हणून सांगितलं. दोघी आल्या.

शेवटची गोष्ट मी ठरवून केलेली नव्हती. वर्गात वाटायला गाण्याचा कागद करताना माझ्या वहीतले चार रकाने तसेच राहिले. एका ओळीत चार चौकोन, एका चौकोनात एका टाळीचे शब्द. बायकांना गाणं पाठ होतं, त्यामुळं कागद हातात घेऊन त्या घडाघडा 'वाचायच्या', आणि वाचतात की आठवतात ते कळायला मार्ग नव्हता. मग मी टाळी वाजवायची आणि मध्येच थांबायची. ज्या टाळीला थांबले तो चौकोन दाखवायचा. सुरुवातीला टाळ्या मोजत बोट सरकायचं. महिन्याभरानं मी उलटं केलं, चौकोन सुटे कापून पाटावर पसरले आणि ओळ लावायला सांगितली.

जानेवारीतल्या एका रात्री आजींच्या पुढ्यात पहिल्या ओळीचे चार तुकडे होते. 'अंगठा' लगेच उचलला, मग 'सोडला'. तिसऱ्याला हात 'पाटी'वर गेला, तिथं थांबला. त्यांनी ओठांतल्या ओठांत टाळीसारखं काही पुटपुटलं, तुकडा परत ठेवला आणि शेजारचा डोळ्यांजवळ नेला. "ध," त्या म्हणाल्या. "ध-री-न. ह्यो हितं." परीक्षा 23 मार्च 2025 ला झाली, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे तीन भाग, मिळून 150 गुण. आमच्या अकरापैकी नऊजणी बसल्या. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायची जागा आली तेव्हा आजींचं डावं बोट बाकावर हळू ठेका धरत होतं आणि उजवा हात नाव काढत होता.